ओक रिजची शून्यं

१९५८ सालच्या ऑक्टोबरमध्ये ‘जर्नल ऑफ द एसीएम’ या अमेरिकी नियतकालिकात चार पानांचं एक टिपण छापून आलं. लेखक होते ॲल्स्टन हाउसहोल्डर. आपण काही नवं शिखर सर केलं आहे असा आव त्यात कुठेही नाही. वॉलेस गिव्हन्स यांची एक रीत टेनेसी राज्यातल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत वापरात आहे, आकडेमोडीत ती फार भरवशाची ठरली आहे, पण तिला कष्ट बरेच पडतात, तेवढे कमी करता येतील, इतकंच त्यांचं म्हणणं. कष्ट मोजले होते वर्गमुळांत. N ओळी आणि N स्तंभांच्या मॅट्रिक्ससाठी गिव्हन्सच्या रीतीला N(N−1)/2 वर्गमुळं काढावी लागत. हाउसहोल्डर यांच्या हिशेबात जास्तीत जास्त 2(N−1) वर्गमुळांत काम भागत होतं. वीस बाय वीसच्या मॅट्रिक्ससाठी १९० ऐवजी ३८. शंभर बाय शंभरसाठी ४९५० ऐवजी १९८.

वर्गमूळ मोजण्याइतकं महाग का होतं, हे कळायला तेव्हाचं यंत्र पाहावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी युरेनियम समृद्ध करायला जे गाव रानात वसवलं गेलं, ते ओक रिज. युद्ध संपल्यावर तिथली प्रयोगशाळा राहिली आणि अणुभट्ट्यांची गणितंही राहिली. १९५०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात तिथे ‘ओरॅकल’ नावाचा संगणक उभा राहिला. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. चाळीस बाय चाळीसची एक मॅट्रिक्स त्यात ठेवली की १६०० शब्द संपले. उरलेल्या ४४८ मध्ये कार्यक्रम आणि बाकीचा पसारा. या घराण्यातल्या यंत्रांना बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांच्या सूचना कळत. वर्गमूळ मात्र आधी एक अंदाज घेऊन, भागाकार करकरून सुधारत न्यावं लागे. म्हणजे एका वर्गमुळाच्या किमतीत बरेच भागाकार.

हाउसहोल्डर या गावात आले ते जरा वळसा घेऊन. १९०४ मध्ये जन्मलेल्या या माणसाचं पहिलं शिक्षण तत्त्वज्ञानाचं. गणितातली डॉक्टरेट त्यांनी शिकागोला १९३७ मध्ये मिळवली, आणि पुढची काही वर्षं तिथेच निकोलस राशेव्स्की यांच्या गटात मज्जासंस्थेची गणिती प्रारूपं मांडण्यात घालवली. १९४६ मध्ये ते ओक रिजला आले आणि दोन वर्षांत गणित विभागाचे प्रमुख झाले. गिव्हन्स त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. प्रिन्स्टनला ऑस्वाल्ड व्हेब्लेन यांच्या हाताखाली भूमितीत तयार झालेले. भूमितीवाला माणूस आकडेमोडीत शिरला की ती आकडेमोड भूमितीसारखीच दिसू लागते. गिव्हन्स यांच्या रीतीत नेमकं तेच झालं.

मूळ काम साधं आहे. समीकरणांचा संच सोडवायचा तर त्याची मॅट्रिक्स त्रिकोणी करून घ्यायची, म्हणजे कर्णाच्या खालच्या सगळ्या जागी शून्य आणायचं. मग शेवटच्या समीकरणात एकच अज्ञात उरतं. ते काढायचं, वरच्यात घालायचं, आणि असं वर चढत जायचं. खालची शून्यं आणण्याची शाळेतली रीत गाउसच्या नावाने ओळखली जाते. एका ओळीला ठरावीक संख्येने गुणून ती दुसरीतून वजा करायची. ही रीत सर्वांत स्वस्त, पण तिच्यात आकडे वाढू शकतात. मॅट्रिक्सचा प्रत्येक स्तंभ हा अवकाशातला एक बाण मानला, तर ओळींची वजाबाकी ते बाण तिरके ताणते. त्यांची लांबी बदलते, त्यांच्यातले कोन बदलतात, आणि मधल्या टप्प्यांवर झालेल्या लहानसहान चुकाही त्यांच्याबरोबर ताणल्या जातात. ज्या यंत्रात प्रत्येक संख्या उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानच ठेवायची सक्ती असे, तिथे वाढते आकडे ही रोजची डोकेदुखी होती.

गिव्हन्स यांनी बाण ताणायचंच नाकारलं. बाण फक्त फिरवायचे. फिरवल्याने लांबी बदलत नाही, दोन बाणांमधला कोन बदलत नाही, म्हणून कोणताही आकडा मूळ स्तंभाच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नाही. मधल्या चुकाही जेवढ्या असतात तेवढ्याच राहतात. सगळे बाण एकदम असे फिरवायचे की पहिला बाण पहिल्या अक्षावर आडवा पडावा, दुसरा पहिल्या दोन अक्षांच्या प्रतलात यावा, आणि पुढे तसंच. पहिला बाण आडवा पडला की त्याच्या बाकी सगळ्या घटकांच्या जागी शून्य येणारच. शेवटी जी त्रिकोणी मॅट्रिक्स उरते तिला आर म्हणतात. जी काही फिरवाफिरवी झाली ती उलट क्रमाने करून मूळ जागी नेणारी मॅट्रिक्स म्हणजे क्यू. मूळ मॅट्रिक्स म्हणजे क्यू गुणिले आर.

फिरवण्याची कल्पना गिव्हन्स यांची नव्हे. याकोबी यांनी १८४६ मध्येच सममित मॅट्रिक्सच्या आयगेन किमती काढायला प्रतलातलं परिभ्रमण वापरलं होतं. पण याकोबींच्या रीतीत एक शून्य तयार करावं, तर पुढच्या फिरवणीत ते पुन्हा बिघडतं. लहान होत जातं, पण कधी पुरतं मिटत नाही. किती फेऱ्या लागतील ते आधी सांगता येत नाही. गिव्हन्स यांनी फिरवण्याची प्रतलं आणि त्यांचा क्रम अशा हिशेबाने निवडला की एकदा आलेलं शून्य पुन्हा हलणारच नाही. सममित मॅट्रिक्ससाठी त्यांनी हे केलं तेव्हा पूर्ण कर्णरूपाचा हट्ट सोडला. कर्ण आणि त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक पट्टी शिल्लक ठेवली, आणि तेवढ्यावर काम मोजक्या पावलांत संपू लागलं. ओक रिजचा हा अहवाल १९५४ चा. त्याच अहवालात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचं मोल पुढे जेम्स विल्किन्सन यांनी जगाला पटवलं: यंत्राने दिलेलं उत्तर किती चुकलं असं न विचारता, ते उत्तर मूळ मॅट्रिक्समध्ये किती किंचित बदल केला तर अगदी बरोबर ठरेल, असा प्रश्न विचारला. माझ्या मते त्रिकोणांपेक्षाही हा प्रश्न ही गिव्हन्स यांची मोठी कमाई आहे, पण तो आजचा विषय नाही.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. तीन ओळी आणि दोन स्तंभ असलेली मॅट्रिक्स. पहिला स्तंभ ३, ४, १२. दुसरा २, २, १. पहिल्या स्तंभातल्या ४ आणि १२ यांच्या जागी शून्य आणायचं आहे.

गिव्हन्स एका वेळी फक्त दोन ओळींना हात लावतात. पहिली आणि दुसरी ओळ घ्या. पहिल्या स्तंभात त्यांच्यात ३ आणि ४ आहेत, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू, कर्ण ५. फिरवायच्या कोनाची कोसाइन ३/५, साइन ४/५. नवी पहिली ओळ म्हणजे ३/५ पट पहिली अधिक ४/५ पट दुसरी. नवी दुसरी ओळ म्हणजे उणे ४/५ पट पहिली अधिक ३/५ पट दुसरी. पहिल्या स्तंभात ३ आणि ४ यांच्या जागी ५ आणि ० येतात. दुसऱ्या स्तंभातल्या २ आणि २ चे होतात १४/५ आणि −२/५. मग पहिली आणि तिसरी ओळ. पहिल्या स्तंभात आता ५ आणि १२, कर्ण १३. कोसाइन ५/१३, साइन १२/१३. पहिला स्तंभ झाला १३, ०, ०. दुसऱ्या स्तंभात १४/५ आणि १ यांच्या जागी २ आणि −११/५. दुसऱ्या ओळीला या वेळी हातच लावला नाही, म्हणून तिथलं शून्य जसंच्या तसं.

दुसरा स्तंभ आता २, −२/५, −११/५ असा दिसतो. त्याची लांबी तपासा: ४ अधिक ४/२५ अधिक १२१/२५ म्हणजे ९, मूळ २, २, १ यांच्या वर्गांची बेरीजही ९. काही ताणलं गेलं नाही. शेवटची फिरवणी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत. −२/५ आणि −११/५ यांच्या वर्गांची बेरीज ५, म्हणून त्यांच्या जागी √५ आणि ०. पहिल्या स्तंभात या दोन्ही ओळींमध्ये शून्यच आहे, आणि दोन शून्यं कशीही मिसळली तरी शून्यच राहतात. तीन जागा, तीन फिरवण्या, तीन वर्गमुळं. आरमध्ये उरलं १३, २ आणि √५.

हाउसहोल्डर यांनी विचारलं, एकेक शून्य कशाला? अख्खा स्तंभ एकाच हालचालीत आडवा का पाडू नये? फिरवण्यासाठी प्रतल निवडावं लागतं. पण लांबी न बदलणारी आणखी एक हालचाल आहे, ती म्हणजे आरशातलं प्रतिबिंब. दोन बाण सारख्याच लांबीचे असतील तर त्यांच्या नेमका मधोमध आरसा उभा करा, एकाचं प्रतिबिंब दुसऱ्यावर पडेल. ३, ४, १२ या बाणाची लांबी १३. त्याला −१३, ०, ० या बाणावर पाडायचं तर आरसा कसा उभा राहील हे दोघांच्या वजाबाकीने ठरतं: १६, ४, १२. चाराने भागून ४, १, ३. आरसा या दिशेला काटकोनात असतो.

कोणत्याही बाणाचं प्रतिबिंब काढायचं तर त्या बाणाचा ४, १, ३ शी घटकवार गुणाकार करून बेरीज करायची, तिची दुप्पट २६ ने भागायची (१६ अधिक १ अधिक ९), आणि येईल तितक्या पट ४, १, ३ वजा करायचे. ३, ४, १२ साठी बेरीज १२ अधिक ४ अधिक ३६, म्हणजे ५२. दुप्पट १०४, भागिले २६ म्हणजे ४. चार पट वजा केले की उरतं −१३, ०, ०. दोन्ही शून्यं एका फटक्यात. दुसऱ्या स्तंभासाठी, म्हणजे २, २, १ साठी, बेरीज ८ अधिक २ अधिक ३, म्हणजे १३. दुप्पट भागिले २६ म्हणजे १. एक पट वजा: −२, १, −२. वर्गांची बेरीज पुन्हा ९. आता पहिली ओळ सोडून खालच्या १ आणि −२ साठी एक लहान आरसा. त्यांची लांबी √५.

दोन्ही रीतींनी तोच त्रिकोण आला: १३, २, √५. फरक फक्त चिन्हांचा. या प्रकारचा त्रिकोण, चिन्हं वगळता, एकच असतो, तेव्हा तो वेगळा येण्याचा प्रश्नच नव्हता. वेगळा आहे तो खर्च. स्तंभाची लांबी काढायला हाउसहोल्डर यांना एक वर्गमूळ लागलं, आणि आरशाची दिशा एक लांबीची करून घ्यायला दुसरं. टिपणातल्या 2(N−1) मधला २ तिथला. वर मी २६ ने भागून दुसरं टाळलं, तसंच पुढे सगळे करू लागले. पण खरी बचत गुणाकारांत होती. गिव्हन्सच्या फिरवणीत दोन आकड्यांमागे चार गुणाकार पडतात. शंभर घटकांच्या एका स्तंभाला ९९ फिरवण्या, म्हणजे ३९६ गुणाकार. आरशात शंभर गुणाकार बेरजेसाठी आणि शंभर वजाबाकीसाठी, म्हणजे २०० आणि वर किरकोळ. जवळजवळ निम्मे. आपल्या तीन घटकांच्या उदाहरणात ८ विरुद्ध ६, म्हणून तिथे हा फरक डोळ्यांत भरत नाही.

ज्या हालचालीला आज सगळे हाउसहोल्डर परावर्तन म्हणतात, ती टर्नबुल आणि एटकिन यांच्या १९३२ च्या पुस्तकातही सापडते. तिथे तिचा उपयोग एका प्रमेयाच्या सिद्धतेपुरता झाला आहे. किती वर्गमुळं वाचतात हा प्रश्नच १९३२ मध्ये कुणाला पडण्यासारखा नव्हता.

आरशाला एक खोट आहे, आणि ती लक्षात न घेता लिहिलेला कार्यक्रम गुपचूप चुकतो. ३, ४, १२ ला मी −१३ वर पाडलं. +१३ वर का नाही? भूमितीला दोन्ही सारखंच. यंत्राला नाही. समजा स्तंभ १ आणि ०.०००१ असा आहे आणि यंत्र आठ सार्थ अंक ठेवतं. लांबी १.००००००००५, आठ अंकांत ती १.००००००० होऊन बसते. हा बाण अधिक लांबीवर पाडायचा तर आरशाच्या दिशेचा पहिला घटक १ वजा १, म्हणजे शून्य. दिशा उरली ०, ०.०००१. या आरशातलं प्रतिबिंब १ आणि −०.०००१. शून्य आलंच नाही! जवळजवळ सारख्या दोन संख्यांच्या वजाबाकीत सगळे अर्थपूर्ण अंक गेले. उणे लांबी निवडली तर पहिला घटक १ अधिक १, म्हणजे २. काहीच हरवत नाही. म्हणून नियम असा पडला की पहिल्या घटकाचं जे चिन्ह असेल त्याच्या उलट चिन्हाच्या लांबीवर पाडायचं. ही चूक पकडणं अवघड अशासाठी, की कार्यक्रम त्या जागी शून्य ‘येणारच’ म्हणून ते मोजत नाहीत, थेट लिहून टाकतात. शून्य कागदावर दिसतं, प्रत्यक्षात झालेलं नसतं. क्यू आणि आर पुन्हा गुणून मूळ मॅट्रिक्स येते का, हे पाहिलं तरच बिंग फुटतं. वजाबाकी वेगळ्या सूत्राने केली तर अधिक चिन्हही सुरक्षितपणे वापरता येतं, हे नंतर दाखवलं गेलं. पण सवय उलट चिन्हाचीच राहिली.

चार पानी टिपणाला पंख फुटले ते इंग्लंडमध्ये. टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत विल्किन्सन यांनी १९६० मध्ये आरशांची रीत सममित मॅट्रिक्सच्या आयगेन किमतींसाठी लावून तिची चुकांची मापं काढली. गिव्हन्सच्या १९५४ च्या रीतीची जागा काही वर्षांत आरशांनी घेतली. गिव्हन्स आणि हाउसहोल्डर यांच्यात त्यावरून काही बिनसल्याचं दिसत नाही. हाउसहोल्डर यांनी १९६१ पासून ओक रिजजवळच्या गॅटलिनबर्गला या विषयाच्या परिषदा भरवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या आयोजकांत गिव्हन्सही होते.

१९६५ मध्ये जीन गोलुब यांनी आरसे लघुतम वर्गांच्या कामाला लावले. इथे अज्ञातं थोडी आणि निरीक्षणं पुष्कळ असतात. सगळी समीकरणं एकाच वेळी खरी ठरत नाहीत, म्हणून चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान करायची. गाउसच्या काळापासूनची वहिवाट अशी, की स्तंभांचे एकमेकांशी गुणाकार करून एक लहान चौरस संच बनवायचा आणि तो सोडवायचा. कागदावर हे बिनचूक. यंत्रावर काय होतं हे १९६१ च्या एका निबंधात लॉयक्ली यांनी सोप्या मॅट्रिक्सने दाखवलं. पहिला स्तंभ १, ०.०००१, ०, दुसरा १, ०, ०.०००१. दोन्ही जवळजवळ एकाच दिशेला, पण वेगळे. चौरस संचात कर्णावर १.०००००००१ हवं, आठ अंकांचं यंत्र तिथे १.००००००० लिहितं. संचातल्या चारही जागी एकच आला आणि दोन स्तंभ यंत्राच्या दृष्टीने एकच झाले. उत्तर काढणं अशक्य. स्तंभांना न गुणता थेट आरसे लावले तर आरच्या दुसऱ्या कर्णस्थानी सुमारे ०.०००१४१४२ येतं. लहान आहे, पण शून्य नाही, आणि त्यावर उत्तर उभं राहतं.

हे उदाहरण मुद्दाम घडवलेलं म्हणून सोडून देता आलं असतं. १९६७ मध्ये अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्यातल्या जेम्स लाँगली यांनी तशी सोय ठेवली नाही. त्यांनी १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांची रोजगार आणि अर्थव्यवस्थेची खरी आकडेवारी घेतली, उत्तरं हाताने काढली, आणि मग त्या वेळी प्रचारात असलेल्या कार्यक्रमांना तेच गणित घातलं. काही उत्तरांत पहिला अंकसुद्धा जुळेना. वर्षागणिक सगळेच आकडे एकत्र चढत असल्याने स्तंभ लॉयक्लींच्या स्तंभांसारखेच जवळजवळ समांतर झाले होते.

इथपर्यंत गोष्ट अशी दिसते की गिव्हन्स हरले. त्यांच्या रीतीचा खर्च दुप्पट, अचूकता तेवढीच. पण मोजदाद कशाची करायची हेच काही वर्षांत बदललं.

१९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या मॉर्व्हन जेंटलमन यांनी गिव्हन्सची फिरवणी अशी मांडली की वर्गमूळ लागतच नाही. प्रत्येक ओळीची मोजपट्टी वेगळी ठेवायची आणि लांबीऐवजी लांबीचा वर्ग सांभाळायचा. चारांतले दोन गुणाकारही यात गळाले. १९५८ च्या टिपणाने मांडलेली तक्रार पंधरा वर्षांनी अशी निकालात निघाली. मात्र वेगळ्या ठेवलेल्या मोजपट्ट्या फार लहान होत जातात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. त्या कटकटीमुळे ही सुधारणा सगळ्यांनी उचलली नाही.

जेंटलमन यांच्या मांडणीतला जास्त टिकाऊ भाग दुसराच होता. निरीक्षणं एकेक करून येत असतील तर आरशाची पंचाईत होते, कारण त्याला सबंध स्तंभ समोर हवा. फिरवणीला दोन ओळी पुरतात. आपल्या उदाहरणात आर तयार झाला आहे: वर १३ आणि २, खाली ० आणि √५. आता चौथं निरीक्षण आलं, ओळ ०, २. पहिल्या जागी आधीच शून्य आहे, तिथे काही करायचं नाही. दुसऱ्या जागी √५ आणि २ यांची एक फिरवणी, आणि √५ च्या जागी येतात ३. झालं. जुन्या तीन ओळी आठवायची गरज नाही, त्या फेकून दिल्या तरी चालतं. पन्नास अज्ञातं असतील तर आरमध्ये कर्णासकट १२७५ जागा. निरीक्षणं शंभर असोत की दहा लाख, आर तेवढाच राहतो. ओरॅकलच्या २०४८ शब्दांतही तो मावला असता.

मोठ्या प्रश्नांत बहुतेक जागी आधीच शून्य असतं. भूसर्वेक्षणात एका निरीक्षणाचा संबंध दोनचार ठिकाणांशीच येतो, बाकी हजारो जागा रिकाम्या. आरसा स्तंभातल्या सगळ्या भरलेल्या ओळी एकमेकींत मिसळतो, आणि एकीची रिकामी जागा दुसरीच्या आकड्याने भरते. आयती मिळालेली शून्यं अशी वाया जातात. फिरवणी जिथे शून्य आहे तिथे फिरकतच नाही. ॲलन जॉर्ज आणि मायकल हीथ यांनी १९८० मध्ये याच बळावर विरळ मॅट्रिक्सची लघुतम वर्ग रीत बसवली. आरमध्ये कुठे आकडे येतील ते आधीच ठरवून तेवढीच जागा राखायची, आणि ओळी एकेक करून त्यात फिरवत जिरवायच्या. हीथ त्या वेळी ओक रिजला होते.

भरगच्च मॅट्रिक्सवर मात्र आरशांचं राज्य राहिलं, तेही आता वर्गमुळांमुळे नव्हे. १९८० नंतरच्या यंत्रांत गुणाकार स्वस्त झाला आणि स्मृतीतून आकडे आणणं महाग. १९८७ मध्ये बिशोफ आणि व्हॅन लोन यांनी बरेच आरसे एकत्र बांधून एकाच मोठ्या गुणाकाराने लावण्याची युक्ती काढली, आणि दोन वर्षांनी श्रायबर आणि व्हॅन लोन यांनी ती आणखी सुटसुटीत केली. सुट्या सुट्या फिरवण्यांची अशी मोट बांधणं जास्त कठीण जातं. त्यामुळे आजच्या लॅपॅक या सार्वत्रिक संग्रहात भरलेली मॅट्रिक्स त्रिकोणी करणारा कार्यक्रम आरसे वापरतो. आणि जिथे कर्णाखाली एकच पट्टी मिटवायची असते, किंवा झालेल्या त्रिकोणात एखादी ओळ नव्याने घालायची असते, तिथे फिरवणी येते, कारण एका आकड्यासाठी आरसा उभारण्यात काही हशील नाही.

ज्यांच्याकडे पायथन आहे त्यांनी वरची मॅट्रिक्स स्वतः घालून पाहावी.

```
import numpy as np
A = np.array([[3, 2], [4, 2], [12, 1]])
print(np.linalg.qr(A)[1])
```

पहिल्या ओळीत −१३ आणि −२ दिसतील, दुसरीत ० आणि सुमारे −२.२३६, म्हणजे उणे √५. ही उणे चिन्हं पाहून काही बिघडलं असं समजू नका. पहिल्या घटकाच्या उलट चिन्हावर पाडायचं या नियमाने ती आली आहेत. अधिक चिन्हं हवी असतील तर आरच्या त्या ओळीला आणि क्यूच्या त्याच क्रमांकाच्या स्तंभाला उणे एकने गुणा.